धागा: 100 मिमी पाऊस, अख्खं नागपूर आणि घातांकात हजारपट चूक. कुठे गेलं गणित?

वर्षा_प्रतापनगर (रविवार, सकाळी 10:12)

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. तिला शाळेतून एक गणित दिलंय आणि काल रात्रीपासून आम्ही दोघी त्यातच अडकून पडलोय.

गणित असं: "नागपूर शहराचे क्षेत्रफळ अंदाजे 220 चौरस किलोमीटर धरा. संपूर्ण शहरावर 100 मिमी पाऊस सारखा पडला, तर किती घनमीटर पाणी पडले? उत्तर वैज्ञानिक रूपात लिहा. शहराची लोकसंख्या 24 लाख धरून माणशी किती लिटर पाणी आले तेही सांगा."

आम्ही असं केलं:

220 चौ. किमी = 2.2 × 10² चौ. किमी
किलो म्हणजे हजार, म्हणून 2.2 × 10² × 10³ = 2.2 × 10⁵ चौ. मीटर
100 मिमी = 10² × 10⁻³ = 10⁻¹ मीटर
गुणाकार: 2.2 × 10⁵ × 10⁻¹ = 2.2 × 10⁴ घनमीटर

उत्तरपत्रिकेत 2.2 × 10⁷ आहे. बरोबर हजारपटीचा फरक! घातांकांची बेरीज तर आम्ही तीनदा तपासली, 5 आणि उणे 1 म्हणजे 4 च येतात. मुलगी म्हणते उत्तरपत्रिकाच चुकली असेल. मला तसं वाटत नाही, पण तिला पटवून देता येत नाहीये. शिवाय तिचा आणखी एक प्रश्न आहे: 10⁻¹ मध्ये उणे आहे, मग पाऊस उणे कसा? कोणी नीट समजावून सांगेल का?

---

महालचा_पिंटू (10:31)

ताई, चौरस हाय ना ते! चौरस आला का घातांक दुप्पट करायचा. 10³ चं 10⁶. तुमचं तिथंच चुकून राहिलं. 10⁵ नाही, 10⁸ होते. मग 10⁸ गुणिले 10⁻¹ म्हणजे 10⁷. उत्तरपत्रिका बरोबर हाय.

आन् लिटरसाठी पण तेच. घनमीटर हाय म्हणून तिप्पट करा. 10³ चं 10⁹. म्हणजे 2.2 × 10¹⁶ लिटर. त्याला 24 लाखानं भागलं का झालं.

---

नंदनवनची_सुनीता (10:47)

पावसाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे काही तासांतच शंभर मिमीच्या वर पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, आठवतंय ना? माझी बहीण त्या बाजूला तळमजल्यावर राहते. पहाटे उठून बघते तो पलंगाखाली पाणी. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. नाले वेळेवर साफ झाले असते तर ही वेळ आली नसती. मुलांना शाळेत हेही शिकवायला हवं.

---

वर्षा_प्रतापनगर (10:58)

सुनीताताई, तुमच्या बहिणीचे हाल वाचून वाईट वाटलं. आमच्या गल्लीतही त्या दिवशी गुडघाभर पाणी होतं. पण इथे गणिताचा प्रश्न आहे हो.

पिंटूभाऊ, 10⁶ पटलं. पण "चौरस आला की दुप्पट" एवढंच सांगितलं तर मुलगी ते पाठ करेल आणि परीक्षेत विसरेल. दुप्पट का? आणि 2.2 × 10¹⁶ लिटर भागिले 24 लाख केलं तर माणशी नऊशे कोटी लिटर येतंय. हे कसं शक्य आहे?

---

घनमीटर (11:40)

नोकरीची तीसेक वर्षं धरणं आणि कालव्यांवर गेली, त्यामुळे हा घोळ मी फार पाहिला आहे. नव्याने लागलेले इंजिनिअरही पहिल्या महिन्यात तो करायचे.

वर्षाताई, मुलीला कागदावर एक चौकोन काढायला सांगा. एक बाजू 1 किमी, म्हणजे 10³ मीटर. दुसरी बाजूही 10³ मीटर. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, म्हणून 10³ × 10³. पाया एकच, घातांकांची बेरीज 3 + 3, म्हणून 10⁶. "किलो म्हणजे हजार" हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त तो हजार तुम्ही लांबीला लावलात आणि रुंदीला लावायचा राहिला. नेमका तेवढाच एक हजार उत्तरात कमी पडला. तुमची घातांकांची बेरीज कुठेच चुकलेली नाही, म्हणून तीनदा तपासूनही चूक सापडेना.

आता नीट लिहू:

2.2 × 10² × 10⁶ = 2.2 × 10⁸ चौ. मीटर
2.2 × 10⁸ × 10⁻¹ = 2.2 × 10⁷ घनमीटर

पिंटूभाऊ, चौरसाचं तुमचं बरोबर आहे, लिटरचं नाही. लिटर म्हणजे मिलिमीटरचा डबा नाही, 10 सेंटीमीटर बाजूचा डबा आहे. एक मीटरच्या कडेवर असे डबे दहाच बसतात. तिन्ही कडांना दहा-दहा, म्हणून 10¹ × 10¹ × 10¹ = 10³. एका घनमीटरात हजार लिटर. तुम्ही घेतलेला 10⁹ चुकीचा आकडा नाही, पण एका घनमीटरात किती घन मिलिमीटर, याचं ते उत्तर आहे.

मुलीचा उणेचा प्रश्न चांगला आहे. घातांकातलं उणे पावसाला लागत नाही. 10¹ म्हणजे दहा, 10⁰ म्हणजे एक, 10⁻¹ म्हणजे एक दशांश. घातांक एकेक पायरी उतरला की संख्या दर पायरीला दहाने भागली जाते, शून्याच्या खाली ती कधीच जात नाही. 10⁻¹ मीटर म्हणजे 10 सेंटीमीटर, अर्ध्या वितीएवढं पाणी.

---

घनमीटर (11:52)

एक राहिलं. उत्तर बरोबर की चूक हे उत्तरपत्रिका न बघताही कळायला हवं. आमच्याकडे पाणी दलघमीत मोजतात, दशलक्ष घनमीटर. पेपरात धरणाचा साठा येतो तो हाच आकडा. दशलक्ष म्हणजे 10⁶, म्हणून 2.2 × 10⁷ घनमीटर म्हणजे 22 दलघमी. तोतलाडोहचा साठा हजार दलघमीच्या आसपास. शहरावर पडलेला जोरदार पाऊस त्याच्या दोन टक्क्यांएवढा, हे मनाला पटतं.

तुमचं पहिलं उत्तर होतं 2.2 × 10⁴, म्हणजे 22 हजार घनमीटर. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल शेततळं धरलं तर त्यात 2,700 घनमीटर पाणी मावतं. म्हणजे अख्ख्या नागपूरवर चार इंच पाऊस पडून जेमतेम आठ शेततळी भरली असती. इथेच थांबायला हवं होतं.

---

वर्षा_प्रतापनगर (12:20)

काका, शेततळ्याचं ऐकून मुलगी एकदम "अरे हो!" म्हणाली. तिच्या आजोळी काटोलला शेततळं आहे, त्यात ती पोहायला शिकली. आठ शेततळ्यांत नागपूर बुडेल का, असं तीच मला विचारायला लागली.

आता दुसरा भाग. 2.2 × 10⁷ × 10³ = 2.2 × 10¹⁰ लिटर. 24 लाख म्हणजे 2.4 × 10⁶. भागाकार केला: 2.2 ÷ 2.4 = 0.92 आणि 10 चा घातांक 10 − 6 = 4. म्हणजे 0.92 × 10⁴. वैज्ञानिक रूपात पुढचा आकडा 1 ते 10 च्या मधला लागतो. मग हे 9.2 × 10⁵ की 9.2 × 10³?

---

महालचा_पिंटू (12:26)

पॉइंट उजवीकडे एक घर सरकला म्हणजे वाढला. म्हणून घातांक पण एकानं वाढवा. 9.2 × 10⁵.

लिटरवाल्या चुकीबद्दल काका म्हणतात ते मान्य. मी घन मिलिमीटरच घेऊन बसलो होतो.

---

घनमीटर (12:41)

नाही पिंटूभाऊ, इथे उलटं होतं. 0.92 × 10⁴ ची किंमत 9,200 आहे, ती बदलता कामा नये. 0.92 चे 9.2 केले म्हणजे पुढचा भाग दहापट वाढवला. मग मागचा भाग दहापट कमी करायलाच हवा. 9.2 × 10³. दोन्ही वाढवले तर एकूण शंभरपट फुगतं.

शंका आली की सरळ उलगडून बघायचं: 9.2 × 10³ = 9,200. जुळलं.

माणशी 9,200 लिटर. उन्हाळ्यात गल्लीत येणारा मोठा टँकर 10,000 लिटरचा असतो. प्रत्येक माणसाच्या वाट्याला जवळजवळ एक टँकर, तोही काही तासांत. सुनीताताई, तुमच्या बहिणीच्या घरी पाणी का शिरलं, याचं थोडं उत्तर यात आहे. एवढं पाणी सगळीकडे सारखं वाटलेलं नसतं, ते सखल भागाकडे धावतं.

---

नंदनवनची_सुनीता (12:55)

प्रत्येकाला एक टँकर! आमच्या बहिणीच्या घरी माणसं पाच, म्हणजे पाच टँकर. आणि उताराने आलेलं शेजाऱ्यांचं वेगळंच. असा हिशेब मी कधी केला नव्हता.

---

लॅबवाला_भाऊ (13:30)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. विषय थोडा वेगळा, पण घातांकाचाच आहे म्हणून विचारतो.

आमच्या मशीनवर प्लेटलेटचा आकडा असा छापून येतो: 142, आणि बाजूला बारीक अक्षरात 10^3/µL. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक तो 142 वाचतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. "डॉक्टर म्हणाले दीड लाख पाहिजे, इथं तर एकशे बेचाळीसच!" मागच्या पावसाळ्यात एक बाई काउंटरसमोर मटकन खालीच बसल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि पेनाने त्या आकड्यासमोर तीन शून्यं लिहून दाखवली: 142000. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

माझा प्रश्न असा. दुसऱ्या एका लॅबच्या रिपोर्टवर एकक 10^9/L असतं आणि आकडा तोच, 142. घातांक 3 चा 9 झाला तरी आकडा तोच कसा? आणि वैज्ञानिक रूपात 1 ते 10 च्या मधला आकडा लागतो म्हणता, मग मशीन 142 का छापतं?

---

घनमीटर (14:15)

µL म्हणजे मायक्रोलिटर, 10⁻⁶ लिटर. म्हणजे एका लिटरात असे 10⁶ मायक्रोलिटर. एका मायक्रोलिटरात 142 × 10³ प्लेटलेट, तर एका लिटरात 142 × 10³ × 10⁶ = 142 × 10⁹. भांडं 10⁶ पट मोठं केलं, म्हणून मोजही 10⁶ पट वाढली. रक्त तेच, पुढचा 142 ही तोच.

काटेकोर वैज्ञानिक रूपात ते 1.42 × 10¹¹ प्रति लिटर होईल. पण रिपोर्टवर घात ठरवून ठेवण्यात सोय आहे. कालचे 142, आजचे 98, उद्याचे 110, तिन्ही 10³ वर असतील तर नुसत्या पुढच्या आकड्यांची तुलना करता येते. दर वेळी घात बदलला असता तर 1.42 × 10⁵ आणि 9.8 × 10⁴ शेजारी बघून नातेवाईकाला वाटलं असतं की 9.8 जास्त आहे. दोन संख्यांची तुलना करताना आधी घातांक बघायचा, मग पुढचा आकडा.

तुम्ही पेनाने तीन शून्यं लिहिता ते मला फार आवडलं.

---

लॅबवाला_भाऊ (14:28)

समजलं. म्हणजे अंगात पाच लिटर रक्त धरलं तर 1.42 × 10¹¹ × 5 = 7.1 × 10¹¹ प्लेटलेट. आणि ज्याचे "फक्त 142" आहेत त्याच्याही अंगात! हे मी काउंटरवर सांगेन.

---

वर्षा_प्रतापनगर (15:05)

एक नवीनच भानगड. मुलीने मामाच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर तपासलं तर 2.2 × 10⁷ ऐवजी 2.2 × 10⁹ आलं. तिने दाबलेली बटणं जशीच्या तशी लिहिते:

```
2.2 × 10 EXP 8 × 1 × 10 EXP (-) 1 =
```

---

घनमीटर (15:22)

EXP या बटणातच "गुणिले दहाचा घात" आहे. ते दाबण्याआधी 10 लिहिलं की एक दहा जादा होतो. तिने दोनदा लिहिलं, म्हणून दहा गुणिले दहा, शंभरपट. बरोबर असं:

```
2.2 EXP 8 × 1 EXP (-) 1 =
```

ही चूक ओळखायची खूण आहे: पुढचा आकडा बरोबर येतो, घातांक मात्र एकाने किंवा दोनाने जास्त. आणि एक्सेलमध्ये 2.2E+07 दिसलं तर तेही हेच आहे, 2.2 × 10⁷. वहीत उतरवताना ते 2.2⁷ असं लिहू देऊ नका. 2.2 चा सातवा घात अडीचशेच्या आत संपतो.

---

सीताबर्डीचे_गुरुजी (17:40)

निवृत्त शिक्षक आहे. धागा आत्ताच वाचला. मुलीला माझ्याकडून पुढचा एक प्रश्न द्यावा: या पावसाचे थेंब किती, आणि एका थेंबात पाण्याचे रेणू किती?

औषधाच्या ड्रॉपरचे 20 थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर. म्हणजे एका लिटरात 2 × 10⁴ थेंब. पाऊस 2.2 × 10¹⁰ लिटर. गुणाकार: 2.2 × 2 = 4.4 आणि 10 + 4 = 14. म्हणून 4.4 × 10¹⁴ थेंब.

आता थेंबाच्या आत जाऊ. एक ग्रॅम पाण्यात 3.34 × 10²² रेणू असतात. एक थेंब 0.05 ग्रॅमचा, म्हणजे 5 × 10⁻² ग्रॅम. गुणाकार: 3.34 × 5 = 16.7 आणि 22 + (−2) = 20. म्हणजे 16.7 × 10²⁰, नीट लिहिलं तर 1.67 × 10²¹. इथे पॉइंट डावीकडे सरकला, म्हणून घातांक वाढला. दुपारच्या 0.92 च्या बरोबर उलट.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. अख्ख्या नागपूरवर पडलेले थेंब 10¹⁴ च्या घरात, एकाच थेंबातले रेणू 10²¹ च्या घरात. म्हणजे शहरावर जितके थेंब पडले, त्याच्या जवळजवळ 38 लाख पट रेणू ड्रॉपरच्या टोकाला लोंबणाऱ्या त्या एका थेंबात आहेत. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं गप्प व्हायची. मला स्वतःला अजूनही होतं तसं.

आणखी एक सांगतो. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लीलावतीत दहाच्या घातांची अठरा नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एक म्हणजे 10⁰, तिथून मोजत गेलं की जलधी येतो 10¹⁴ वर. आपल्या पावसाचे थेंब 4.4 जलधी! मात्र नावांचा गुणाकार तोंडी जमत नाही. लक्ष गुणिले कोटी किती, हे नावांवरून कोण सांगणार? घातांक लिहिले की 5 + 7 = 12, महापद्म. आणि एका थेंबातले रेणू परार्धाच्याही पुढे, 10²¹ वर. तिथे आपली नावं संपली.

---

महालचा_पिंटू (18:10)

गुरुजी, 4.4 जलधी हे जबरदस्त हाय. पण एक विचारतो. पावसाचा थेंब ड्रॉपरच्या थेंबाएवढा कुठं असते? तो बारीक असते ना. मग थेंब जास्त भरतील.

---

सीताबर्डीचे_गुरुजी (18:35)

अगदी योग्य शंका. 2 मिलिमीटर व्यासाचा थेंब धरला तर त्याचं आकारमान सुमारे 4 घन मिलिमीटर येतं. सकाळी तुमचा 10⁹ आला होता ना, तो आता कामी येतो. एका घनमीटरात 10⁹ घन मिलिमीटर, म्हणून असे थेंब 10⁹ ÷ 4 = 2.5 × 10⁸. पाऊस 2.2 × 10⁷ घनमीटर. गुणाकार: 2.5 × 2.2 = 5.5 आणि 8 + 7 = 15. म्हणजे 5.5 × 10¹⁵ थेंब. जलधी ओलांडून अंत्यात गेलो.

---

घनमीटर (18:58)

आणि 1 मिलिमीटर व्यासाचा धरला तर थेंब आठपट लहान, म्हणून संख्या आठपट: 44 × 10¹⁵, म्हणजे 4.4 × 10¹⁶. तो मध्य. खऱ्या पावसात सगळ्या आकारांचे थेंब मिसळलेले असतात, त्यामुळे नेमका घातांक कुठला धरायचा यावर माझं आणि गुरुजींचं एकमत होईल असं वाटत नाही. मुसळधार पावसात मोठे थेंब जास्त असतात, म्हणून मी 10¹⁵ च्या बाजूने.

---

सीताबर्डीचे_गुरुजी (19:06)

मी 10¹⁶ च्या. पाणी मोठ्या थेंबांत जास्त असेलही, पण आपण पाणी मोजत नाही, थेंब मोजतोय. आणि बारीक थेंबांची संख्या भराभर वाढते.

---

वर्षा_प्रतापनगर (20:45)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने वहीत दोन्ही उत्तरं लिहिली, 2.2 × 10⁷ घनमीटर आणि 9.2 × 10³ लिटर. शेजारी चौकोन काढून दोन्ही कडांवर 10³ लिहिलं. खाली समासात पेन्सिलीने "8 शेततळी = चूक" असंही लिहून ठेवलंय.

आता ती बाल्कनीत ड्रॉपर घेऊन बसली आहे. 20 थेंबांना खरंच एक मिलिलिटर होतो का ते औषधाच्या झाकणात मोजतेय. पहिल्या खेपेला 23 आले, दुसऱ्या खेपेला 21. गुरुजी, ड्रॉपर तिरपा धरला तर थेंब लहान पडतो का, असं ती विचारतेय.